कंपनी चोवीस हजार मोजते, खात्यात दहा हजार येतात: मधले पैसे कुठे जातात?

प्रश्न: मी चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात एजन्सीमार्फत मशीन ऑपरेटर आहे. कंपनीच्या ऑफिसातला एक ओळखीचा म्हणाला, तुमच्या एकेकामागं कंपनी महिन्याला चोवीस हजारांच्या वर मोजते. माझ्या चिठ्ठीवर एकूण पगार १४,७०० आहे (मूळ आणि विशेष भत्ता मिळून १४,०००, घरभाडे ७००) आणि खात्यात येतात १०,४११. म्हणजे निम्म्याहून जास्त एजन्सीच खाते का? कुणाला काय विचारायचं ते सांगा. नोकरी जाईल याची भीती आहे.

उत्तर: निम्मे एजन्सी खात नाही. पण तुमचे आकडे पाहता दरमहा २,२९८ रुपये तुमच्या हक्काचे जात आहेत, आणि ते कुठल्याच कागदावर ‘कमिशन’ किंवा ‘सर्व्हिस चार्ज’ म्हणून लिहिलेले सापडणार नाहीत.

मी आधी एजन्सीच्या बाजूला बसून अशी बिलं काढायचो. आता सोलापुरातल्या कारखान्यांसाठी कंत्राटदारांची बिलं तपासतो. तुमच्या कंपनीचं बिल मी पाहिलेलं नाही. पण १४,७०० च्या पगारावर बिल कसं चढत जातं याची पद्धत ठरलेली आहे, आणि त्या पद्धतीनं मांडणी केली की तुमच्या मित्राच्या आकड्याशी ती जवळजवळ जुळते. २६ दिवस पूर्ण हजेरी धरून एका माणसाचं बिल असं होतं:

एकूण पगार: १४,७००
पीएफ, मालकाचा हिस्सा (१४,००० च्या १३ टक्के): १,८२०
ईएसआय, मालकाचा हिस्सा (१४,७०० च्या ३.२५ टक्के): ४७८
बोनस (८.३३ टक्के): १,१६६
भरपगारी रजा (वर्षाला १५ दिवस धरून): ७०७
ग्रॅच्युइटी (४.८१ टक्के): ६७३
बेरीज: १९,५४४
सर्व्हिस चार्ज (६ टक्के धरला): १,१७३
जीएसटी (१८ टक्के): ३,७२९
बिलाची रक्कम: २४,४४६

तुमच्या मित्रानं सांगितलेला ‘चोवीस हजारांच्या वर’ तो हाच. यातला जीएसटी आधी बाजूला काढू, कारण सगळ्यात जास्त थापा त्याच्या नावानं मारल्या जातात. मनुष्यबळ पुरवठ्यावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि तो फक्त कमिशनवर नाही, पगारासकट पूर्ण बिलावर लागतो. त्यामुळे आकडा मोठा दिसतो. पण तुमच्या कारखान्यासारखा जीएसटीत नोंदलेला आणि करपात्र माल विकणारा ग्राहक तो कर स्वतःच्या करातून वळता करून घेतो. कंपनीच्या खिशातून तो कायमचा जात नाही आणि एजन्सीच्या खिशात तो राहत नाही. म्हणून “जीएसटीमुळं पगार वाढवता येत नाही” असं कुणी कारखान्यात सांगितलं तर ते खरं मानू नका. सोलापुरातल्या रुग्णालयांची आणि शाळांची गोष्ट वेगळी आहे. त्यांना बहुतेक वेळा ही वजावट मिळत नाही, तिथं १८ टक्के हा खरा खर्च असतो, आणि त्याचा दाब वॉर्डबॉय, आया, सफाई कामगार यांच्या दरावर पडतो.

आता तुमच्या बाजूचा हिशेब. १४,७०० मधून तुमचा पीएफ १२ टक्के म्हणजे १,६८०, ईएसआय ०.७५ टक्के म्हणजे १११ आणि व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००) जायला हवा. उरतात १२,७०९. म्हणजे अगदी सरळ चालणाऱ्या एजन्सीतही २४,४४६ चे १२,७०९ च हातात येतात. हे ऐकून वाईट वाटेल, पण मधल्या ११,७३७ पैकी एजन्सीची उघड कमाई फक्त १,१७३ आहे. बाकीचा जीएसटी, तुमच्या नावचा पीएफ, विमा, आणि तुम्हाला पुढे मिळायचे पैसे.

तुमच्या खात्यात मात्र १२,७०९ येत नाहीत, १०,४११ येतात. फरक २,२९८. वरच्या यादीत पाहा, मालकाचा पीएफ १,८२० आणि मालकाचा ईएसआय ४७८ यांची बेरीज किती होते? बरोबर २,२९८. चिठ्ठीवर पीएफची कपात ३,५०० आणि ईएसआयची ५८९ लिहिलेली असेल, किंवा दोन्ही मिळून ‘इतर कपात’ असा एकच आकडा असेल. एजन्सी मालकाचा हिस्साही तुमच्याच पगारातून कापते आहे. आणि कंपनीच्या बिलात तो हिस्सा वेगळा लावलेला असेल, जो बहुतेक वेळा असतोच, तर तोच पैसा ती दोनदा घेते: एकदा कंपनीकडून, एकदा तुमच्याकडून. शंभर पोरांमागं महिन्याला हे २,२९,८०० रुपये होतात. उघड सर्व्हिस चार्जच्या जवळपास दुप्पट.

इथं एजन्सीचा माणूस लगेच ‘सीटीसी’, म्हणजे तुमच्यामागं होणारा एकूण खर्च, हा शब्द काढतो. “तुला ऑफरच सीटीसीत दिली होती, त्यात दोन्ही हिस्से आले.” यातलं खरं-खोटं नीट समजून घ्या, कारण निम्मी पोरं इथंच गप्प होतात. सीटीसी १७,००० सांगायची आणि त्यातून मालकाचे हिस्से आधी वजा करून एकूण पगार १४,७०० ठरवायचा, यात बेकायदा काही नाही. ती नुसती पगार मोठा दाखवायची सवय आहे. पण एकदा चिठ्ठीवर एकूण पगार १४,७०० छापला, की त्याच्या खाली मालकाचा हिस्सा कापता येत नाही. पीएफ आणि ईएसआय दोन्ही कायद्यांत ही मनाई सरळ शब्दांत आहे, आणि कामगारानं लिहून संमती दिली तरी ती उठत नाही. म्हणून पाहायचं एवढंच: मालकाचा हिस्सा एकूण पगाराच्या ओळीच्या वर वजा झाला आहे की खाली.

तुम्ही आजच करू शकता अशी एक तपासणी आहे आणि तिला कुणाला विचारावं लागत नाही. उमंग अ‍ॅपवर किंवा ईपीएफओच्या संकेतस्थळावर यूएएन टाकून पासबुक उघडा. पीएफ १४,००० वर भरला असेल तर दर महिन्याला तीन आकडे दिसले पाहिजेत: तुमचा हिस्सा १,६८०, मालकाचा हिस्सा ५१४ आणि पेन्शन १,१६६. पुष्कळ जण ५१४ पाहून घाबरतात की मालकानं कमी भरला. तसं नाही. मालकाच्या १२ टक्क्यांतले ८.३३ टक्के पेन्शनला जातात, ३.६७ टक्के तुमच्या खात्यात. वरचा १ टक्का, म्हणजे १४० रुपये, विमा आणि प्रशासकीय खर्चाचा असतो, तो पासबुकात येत नाही. पण तिथं ८४०, २५७ आणि ५८३ असे आकडे दिसले, तर पीएफ ७,००० वर भरला जातो आहे. कापला ३,५०० आणि भरला त्याच्या निम्म्यानं, हा प्रकार मी एकाहून जास्त फाइलींत पाहिला आहे. पासबुकात आस्थापनेचं नाव कुठलं आहे तेही बघा. नियुक्तिपत्रावर एक एजन्सी आणि पीएफला दुसरीच असेल, तर मध्ये पोटकंत्राटदार आहे आणि मार्जिन दोघांत वाटलं जातं आहे.

आता मार्जिनकडे येऊ. एजन्सीनं किती टक्के घेतले म्हणजे पगार वाचतो? लोकांना वाटतं, चार्ज जितका कमी तितका कामगाराचा फायदा. माझा अनुभव उलटा आहे. वरच्याच बिलात सर्व्हिस चार्ज २ टक्के धरा. एका माणसामागं ३९१ रुपये. एजन्सीला पगार महिना संपल्यावर सात तारखेपर्यंत द्यावा लागतो, पीएफ आणि ईएसआय पंधरा तारखेपर्यंत भरावा लागतो, जीएसटी साधारण वीस तारखेपर्यंत. आणि कंपनी बिल चुकवते पंचेचाळीस दिवसांनी, कधी साठ. तोवर एका माणसामागं पगार, पीएफ आणि ईएसआय मिळून १६,९९८ एजन्सीचे अडकलेले असतात. बँकेचं व्याज वर्षाला १२ टक्के धरलं तर दीड महिन्याचं व्याजच २५५ रुपये होतं. जीएसटी पदरचा भरावा लागला तर त्याचं व्याज आणखी वेगळं. ३९१ मधून २५५ गेले, राहिले १३६. त्यात सुपरवायझर, हजेरी घेणारा क्लार्क, ऑफिसचं भाडं, गेटवर ये-जा. हे १३६ रुपयांत होत नाही. तरीही ती एजन्सी दरवर्षी कंत्राट घेते आणि मालक नवी गाडी घेतो, तर पैसा दुसरीकडून येतो आहे, आणि ते दुसरं ठिकाण कामगाराची चिठ्ठी सोडून फार कुठलं नसतं.

कंपन्यांच्या खरेदी विभागाला हे कळत नाही असं नाही. तीन कोटेशनं येतात, पगार आणि कायदेशीर भरणा तिन्हींत सारखाच, फरक फक्त टक्क्यात. सगळ्यात कमी टक्केवाला पास होतो. मी एकदा एका खरेदी अधिकाऱ्याला हाच १३६ रुपयांचा हिशेब कागदावर मांडून दाखवला. तो म्हणाला, “साहेब, मला ऑडिटला टक्का दाखवायचाय.”

दुसरा प्रकार एकठोक दराचा. कंपनी आणि एजन्सीत “एका शिफ्टला एका माणसाचे अमुक रुपये” एवढंच ठरतं, पगार किती आणि पीएफ किती याची फोड बिलात नसते. अशा ठिकाणी एजन्सी तुमच्या पगारात जे काही कमी करेल ते थेट तिचं. लोडिंग, पॅकिंग, हाऊसकीपिंग या कामांना हीच पद्धत जास्त चालते. तुमचं ऑपरेटरचं काम असल्यानं तुमच्याकडं बहुधा फोड असलेलं बिल असेल, आणि ते तुमच्या फायद्याचं आहे, कारण मग प्रत्येक रकमेचा जाब विचारता येतो.

त्या यादीतल्या तीन रकमा अशा आहेत की त्या कंपनीकडून तुमच्या नावानं दरमहा घेतल्या जातात आणि तुम्हाला मिळायच्या असतात वर्षाच्या शेवटी किंवा नोकरी सोडताना. बोनस, रजा, ग्रॅच्युइटी. माझ्या मते कंत्राटी कामगाराचं सगळ्यात मोठं नुकसान इथं होतं आणि सगळ्यात कमी बोललं जातं.

बोनस घ्या. १,१६६ दरमहा म्हणजे वर्षाला चौदा हजारांच्या आसपास. दिवाळीला तुमच्या हातात काय पडलं? मिठाईचा बॉक्स आणि दोन-तीन हजारांचं पाकीट असेल, तर बाकीचे कुठं गेले हा प्रश्न रास्त आहे. पगार महिन्याला २१,००० पर्यंत असेल आणि वर्षात तीस दिवस काम केलं असेल, तर किमान ८.३३ टक्के बोनस हा कायद्यानं देणं आहे. तीस दिवस, पूर्ण वर्ष नाही. आपल्याकडची पोरं मे महिन्यात कंटाळून सोडतात, पुण्याकडं चाकणला किंवा रांजणगावला जातात, आणि “मध्येच सोडलं, बोनस नाही” हे ऐकून घेतात. सोडलेल्याचाही त्या महिन्यांचा बोनस निघतो. हिशेब करताना १४,००० हा आकडा धरला जाईलच असं मात्र नाही. कायद्यात ७,००० किंवा त्या कामाचं किमान वेतन, यातलं जे जास्त असेल तिथवरच हिशेबाची सक्ती आहे. पण कंपनीकडून १४,००० वर घेतलं आणि तुम्हाला त्याहून कमी असलेल्या किमान वेतनावर दिलं, तर उरलेलं एजन्सीकडं राहिलं. नियमाच्या चौकटीत राहूनसुद्धा मार्जिन असं वाढतं.

ग्रॅच्युइटीचं त्याहून सोपं आहे. पाच वर्षांची अट ठेवून ६७३ दरमहा घ्यायचे आणि दर अकरा महिन्यांनी पोराला ‘ब्रेक’ द्यायचा, किंवा कंत्राट दुसऱ्या एजन्सीच्या नावावर फिरवायचं, मालक तोच. पाच वर्षांचे चाळीस हजार होतात. चांगल्या कंपन्या ही रक्कम दरमहा देतच नाहीत. “कामगाराला प्रत्यक्ष दिल्याचा पुरावा आणा, मग भरपाई देऊ” असं कंत्राटात लिहितात. रजा आणि बोनसलाही काहींनी तीच अट लावली आहे. जिथं अशी अट आहे तिथं एजन्सीला पैसे दाबून ठेवण्यात काही फायदा उरत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या आहेत आणि त्यांत मुदतीच्या नोकरीवरच्या माणसाला एक वर्षानंतर प्रमाणशीर ग्रॅच्युइटी आहे. म्हणून तुमच्या नियुक्तिपत्रावर मुदत लिहिलेली आहे का, हे वाचून ठेवा. (पत्रावर ‘अप्रेंटिस’ किंवा ‘ट्रेनी’ असेल, तर माझा हा सगळा हिशेब तुम्हाला तसाच लागू होणार नाही. अप्रेंटिसला विद्यावेतन असतं आणि त्यातून पीएफ कापला जात नाही. कापला जात असेल तर ते वेगळंच काहीतरी आहे.)

आणखी दोन जागा बघायच्या. एक, वर्गवारी. राज्याच्या किमान वेतनात कुशल, अर्धकुशल, अकुशल असे दर असतात, जागेप्रमाणे परिमंडळ बदलतं आणि विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैमध्ये बदलतो. बिलात तुम्हाला कुशल दाखवून चिठ्ठीवर ‘हेल्पर’ लिहिणं ही जुनी युक्ती आहे. जानेवारी-जुलैची वाढही कंपनीकडून वेळेवर घेतली जाते आणि कामगाराला तीन महिन्यांनी, थकबाकी न देता मिळते. दुसरी जागा ओव्हरटाइम. १४,००० चा तासाचा दर सुमारे ६७ रुपये पडतो, दुप्पट १३४. महिन्याला वीस तास जादा काम करून सिंगल दरानं पैसे आले, तर साडेतेराशेच्या आसपास गेले. कंपनीनं दुप्पट दर बिलात दिला असेल तर ते एजन्सीकडं गेले. कंपनीच सिंगल देत असेल तर दोष कंपनीचा, आणि असंही पुष्कळ ठिकाणी आहे. म्हणून एजन्सीवर सरसकट खापर फोडण्याआधी हे विचारून घ्यायचं.

आता कुणाला काय विचारायचं. “तुमचं मार्जिन किती?” हा प्रश्न विचारूच नका. तो दोन कंपन्यांमधला व्यवहार आहे, सांगायला ते बांधील नाहीत, आणि विचारणाऱ्यावर नजर मात्र बसते. शिवाय उत्तर मिळून उपयोग काय? उद्या चार्ज सहाचा चार टक्के झाला तर वाचलेले चारशे कंपनीचे, तुमचे नाहीत. तुमच्या नावानं निघालेल्या रकमांबद्दल विचारा. त्याला उत्तर द्यावं लागतं.

पहिला प्रश्न एजन्सीच्या साइट सुपरवायझरला, साध्या शब्दांत, आणि शक्यतो व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून: “साहेब, चिठ्ठीवर पीएफ ३,५०० कापलाय. पासबुकात माझा हिस्सा १,६८० दिसतो. बाकीचे १,८२० कशाचे, तेवढं सांगा. बँकेत कर्जाला चिठ्ठी लागते.” शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. भांडण वाटत नाही आणि उत्तर लेखी मिळतं. ‘चूक झाली, पुढच्या महिन्यात बघू’ असं आलं तर तेही जपून ठेवा, कारण चूक मान्य केल्याचा कागद झाला. ‘सगळ्यांचं असंच कापतो’ असं आलं तर तो याहून चांगला कागद.

त्याच बैठकीत सगळं विचारू नका. बोनसचा प्रश्न दिवाळीच्या महिनाभर आधी विचारायचा: “बोनस कुठल्या रकमेवर काढणार, आणि मागच्या वर्षीचा हिशेब मिळेल का?” वर्गवारी जानेवारी किंवा जुलैचा नवा दर आला की विचारायची: “माझं नाव कुशलमध्ये आहे की अर्धकुशलमध्ये?” अशा वेळी प्रश्न नैसर्गिक वाटतो.

दुसरी जागा म्हणजे कंपनीचा एचआर, आणि हे दार पोरं वाजवतच नाहीत, कारण गेटवर शिकवलेलं असतं की “तुमचं आमच्याशी काही नाही.” पैशाच्या बाबतीत ते चूक आहे. कंत्राटदारानं वेतन दिलं नाही किंवा कमी दिलं, तर ते चुकतं करण्याची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे तुम्ही जिथं काम करता त्या कंपनीवर येते. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात हे होतं आणि नव्या संहितेतही आहे. म्हणूनच बहुतेक कंपन्या पुढचं बिल मंजूर करण्याआधी मागच्या महिन्याचं पीएफचं ईसीआर आणि चलन मागतात. ईसीआरमध्ये प्रत्येक कामगाराचं नाव, यूएएन आणि किती वेतनावर किती भरला ते असतं. तो कागद एचआरच्या टेबलावर असतो. तिथं जाऊन एवढंच विचारायचं: “मॅडम, मागच्या महिन्याच्या ईसीआरमध्ये माझं वेतन किती दाखवलंय ते बघून सांगता का? आणि वेतन पत्रकात माझ्या नावापुढं निव्वळ पगार किती आहे?” वेतन पत्रकात १२,७०९ लिहिलेले असले आणि खात्यात १०,४११ आले असले, तर तो फरक पाहून एचआरचाच चेहरा बदलतो, कारण ऑडिटमध्ये त्यांचीही मान अडकते. माझ्या पाहण्यातली बरीच प्रकरणं इथंच, कचेरीची पायरी न चढता मिटली आहेत.

नोकरीच्या भीतीबद्दल. भीती खोटी नाही. एकट्यानं आवाज केला तर ‘उद्यापासून दुसऱ्या साइटवर’ असं होतं आणि त्याविरुद्ध लगेच काही करता येत नाही. म्हणून विचारायच्या आधी कागद घरी आणून ठेवा: सहा महिन्यांच्या चिठ्ठ्या, बँकेचं स्टेटमेंट, पीएफ पासबुक, नियुक्तिपत्र, हजेरीचे किंवा पंचिंगचे फोटो, ओव्हरटाइमचे मेसेज. चिठ्ठी देतच नसतील तर तीच मागणी आधी करा, चिठ्ठी देणं हे त्यांच्यावर बंधन आहे. दुसरं, चार-पाच जणांच्या चिठ्ठ्या शेजारी ठेवून बघा. सगळ्यांची कपात त्याच पद्धतीनं असेल तर एचआरकडं चौघांनी मिळून जा. पीएफची तक्रार ईपीएफओच्या ईपीएफआयजीएमएस पोर्टलवर घरून करता येते, सोलापुरात त्यांचं प्रादेशिक कार्यालयही आहे. तक्रार मालकाच्या हिश्श्याच्या कपातीची आहे हे पहिल्याच ओळीत लिहा आणि चिठ्ठी जोडा. नुसतं ‘पीएफ बरोबर नाही’ लिहिलं तर ‘पासबुकात जमा आहे’ म्हणून ती बंद होते, आणि तुमच्या प्रकरणात जमा असण्याचीच शक्यता जास्त आहे. ईएसआयच्या ४७८ साठी ईएसआयच्या स्थानिक कार्यालयात वेगळा अर्ज. कमी वेतन, बोनस, ओव्हरटाइम यांसाठी सहायक कामगार आयुक्तांचं कार्यालय. तिथं अर्जावर एजन्सीसोबत कंपनीचंही नाव घाला. फक्त एजन्सीचं घातलं तर नोटीस बंद गाळ्याच्या पत्त्यावर जाते आणि परत येते.

आणि पुढची नोकरी घेताना, मग ती चिंचोळीत असो, अक्कलकोट रोडला असो की चाकणला, ‘हातात किती’ एवढंच विचारून होकार देऊ नका. ‘एकूण पगार किती, त्यातून काय काय कापणार, महिना सव्वीस दिवसांचा की तीस, बोनस दरमहा की दिवाळीला, बूट-युनिफॉर्म-बस-रूमचे पैसे वेगळे कापणार का’, एवढं मेसेजवर लिहून घ्या. बोनस दरमहा पगारातच घातला असेल तर पगार मोठा दिसतो आणि दिवाळी कोरडी जाते, ते आधी माहीत असलं की दोन एजन्सींची तुलना करता येते. भरतीसाठीच पैसे मागितले, ‘रजिस्ट्रेशन’ म्हणून पाचशे असोत की दोन हजार, तर तिथून उठून या. कंपनीकडून चार्ज घेणारी एजन्सी तुमच्याकडूनही घेत असेल, तर पुढच्या चिठ्ठ्यांत काय होणार ते मी वर लिहिलंच आहे.

तुमच्या बाबतीत मी आधी पासबुक उघडेन, मग सुपरवायझरला तो मेसेज टाकेन, आणि आठवडाभर वाट पाहून एचआरकडं जाईन. मागच्या महिन्यांचे २,२९८ मागता येतात. तुम्ही तिथं किती महिने आहात ते लिहिलं नाही, पण वर्ष झालं असेल तर ही रक्कम २७,५७६ होते, बोनस सोडून.